सौर, वारा की डिझेल? दर युनिटचा खर्च काढताना युनिटांनाही वटाव का लावायचा

काही वर्षांपूर्वी एका सौर प्रकल्पाचा हिशेब माझ्याकडे तपासायला आला होता. पंचवीस वर्षांचा सगळा खर्च नीट मांडलेला, प्रत्येक वर्षाच्या खर्चाला वटाव लावून त्याचं आजचं मूल्य काढलेलं, आणि शेवटच्या ओळीत उत्तर: युनिटला ३.२ सेंट. बेरजा बरोबर होत्या, वटाव दरही योग्य होता. तरीही उत्तर निम्म्याहून कमी निघालं होतं, कारण खर्चाला वटाव लावला होता आणि विजेला लावला नव्हता. ही एकच चूक मला इतक्या वेळा भेटली आहे की हा लेख मी तिच्याभोवतीच लिहितो आहे.

आपण काढणार आहोत ती 'लेव्हलाइज्ड कॉस्ट ऑफ इलेक्ट्रिसिटी', म्हणजे एलसीओई. वीज तयार करणाऱ्या संचाने आयुष्यभर प्रत्येक युनिट एकाच ठरावीक दराने विकलं आणि शेवटी गुंतवणूक, तिच्यावरचा अपेक्षित परतावा आणि चालू खर्च असं सगळं नेमकं वसूल झालं, एक पैसा वर नाही की खाली नाही, तर तो दर म्हणजे एलसीओई. ही व्याख्या पक्की लक्षात ठेवा. पुढचं सूत्र तिच्यातूनच निघतं आणि शंका आली की परत तिच्याकडेच यायचं असतं.

उदाहरणासाठी तीन संच

ग्रिडपासून लांबची एक जागा धरू. तिथे १०० किलोवॉटचे तीन पर्याय तपासायचे आहेत. यंत्रांच्या किमती जगभर डॉलरमध्ये बोलल्या जातात म्हणून मीही डॉलर घेतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या हिशेबात तुमचे आकडे आणि तुमचं चलन घाला.

सौर संच उभारायला १,००,००० डॉलर लागतात. पहिल्या वर्षी तो १,६०,००० युनिट देतो, पुढे पॅनेल जुनी होत जातात तसं उत्पादन दरवर्षी अर्धा टक्का घटतं. धुणं, तपासणी, किरकोळ दुरुस्ती धरून वर्षाला १,५०० डॉलर. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात पण इन्व्हर्टर तितका टिकत नाही, म्हणून तेराव्या वर्षी त्यासाठी ८,००० डॉलर वेगळे धरले आहेत.

पवनचक्की या छोट्या आकारात महाग पडते: २,५०,००० डॉलर. सगळे तोटे आणि बंद काळ वजा जाता वर्षाला २,४०,००० युनिट, देखभाल ६,००० डॉलर, आयुष्य वीस वर्षं.

डिझेल जनरेटर फक्त ४०,००० डॉलरचा. तो वर्षाला ४,००० तास सरासरी ६० किलोवॉट भारावर चालतो, म्हणजे २,४०,००० युनिट. या भारावर युनिटला साधारण ०.३० लिटर डिझेल जळतं. जागेवर पोहोचतं केलेलं डिझेल लिटरला १ डॉलर धरू, म्हणजे इंधनाचे वर्षाला ७२,००० डॉलर. तेल, फिल्टर आणि मजुरी युनिटला ३ सेंट, म्हणजे वर्षाला ७,२००. पाचव्या वर्षी, २०,००० तास झाल्यावर, इंजिन उघडून ओव्हरहॉल करायला १२,०००. दहा वर्षांनी संच बदलायचा.

पायरी १: वर्षागणिक तक्ता मांडा

सरासरीवरून थेट उत्तर काढू नका. एक स्प्रेडशीट घ्या, उभ्या रकान्यात शून्य ते पंचवीस वर्षं लिहा, शेजारी त्या वर्षीचा खर्च, त्याशेजारी त्या वर्षीचे युनिट. शून्य वर्ष म्हणजे उभारणीचं: खर्च पूर्ण, वीज शून्य. तेराव्या वर्षाच्या ओळीत १,५०० नाही, ९,५०० यायला हवेत. हे इतकं साधं आहे, पण इन्व्हर्टरचे पैसे विसरलेले कितीतरी तक्ते मी पाहिले आहेत.

खर्च कुठल्या किमतीत लिहायचा? माझा सल्ला: सगळं आजच्या किमतीत. पंधराव्या वर्षीची देखभालही आजच्या भावाने १,५०० डॉलरच लिहा. महागाई या तक्त्यात आणायचीच नाही. मात्र त्याची एक किंमत मोजावी लागते. ती दराच्या पायरीत येईल.

पायरी २: वटाव दर ठरवा

आज हातात असलेला एक डॉलर ८ टक्क्यांनी गुंतवला तर वर्षाने १.०८ डॉलर होतो. उलट पाहिलं तर वर्षाने मिळणारा डॉलर आज ९२.६ सेंटचा असतो, तेरा वर्षांनी मिळणारा ३६.८ सेंटचा आणि पंचवीस वर्षांनी मिळणारा जेमतेम १४.६ सेंटचा. भविष्यातली रक्कम अशी आजच्या मोलावर आणणं म्हणजे वटाव लावणं.

दर मनाने ठरवायचा नसतो. प्रकल्पात कर्ज किती टक्के, त्यावर व्याज किती, स्वतःचं भांडवल किती, त्यावर किती परतावा मिळाला तर तुम्ही पैसे घालाल, या सगळ्याची भारित सरासरी म्हणजे तुमचा दर.

आता महागाई वगळल्याची किंमत. बँकेच्या कागदावरचा दर महागाईसकट असतो. तक्ता आजच्या किमतीत आहे, त्यामुळे दरातूनही महागाई काढावी लागते. दोन्ही दरांचं नातं गुणाकाराचं आहे: महागाईसकट दर १३.४ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल तर १.१३४ ला १.०५ ने भागा, १.०८ येतात. म्हणजे खरा दर ८ टक्के. सरळ वजाबाकी केलीत तर ८.४ येतील. ते जवळपास चालतं, पण भागाकार करायला कष्ट ते काय?

ही पायरी चुकली तर काय होतं ते मी मोजून पाहिलं. आजच्या किमतींच्या तक्त्याला १३.४ टक्के लावले तर या सौर संचाचं उत्तर ७.२५ सेंटवरून १०.१ सेंटवर जातं, सुमारे ४० टक्क्यांची वाढ. डिझेलचं उत्तर त्याच चुकीने ३६.० वरून फक्त ३६.६ होतं. एकच चूक दोघांना सारखी लागत नाही. ज्याचा पैसा सुरुवातीलाच जातो त्याचं नुकसान होतं आणि ज्याचा पैसा पुढे हळूहळू जातो तो मात्र जवळजवळ तसाच राहतो.

पायरी ३: दोन्ही रकान्यांना वटाव

```
LCOE = Σ [ C_t / (1+r)^t ]  ÷  Σ [ E_t / (1+r)^t ]
```

`C_t` हा त्या वर्षीचा खर्च, `E_t` हे त्या वर्षीचे युनिट, `r` हा वटाव दर. वरच्या बेरजेवर कुणी वाद घालत नाही. खालच्या बेरजेपाशी मात्र हमखास प्रश्न येतो: वीज म्हणजे काय पैसे आहेत का? विसाव्या वर्षी तयार झालेलं युनिटही पूर्ण एक युनिटच असतं, त्याला वटाव कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर व्याख्येत आहे. आपण असा एक स्थिर दर शोधतो आहोत ज्याने खर्च वसूल होईल. विसाव्या वर्षीची विक्री म्हणजे दर गुणिले त्या वर्षीचे युनिट. ते पैसे वीस वर्षांनी हातात येणार, म्हणून त्यांना वटाव लागतो. सगळ्या वर्षांच्या अशा विक्रीची बेरीज खर्चाच्या आजच्या मूल्याइतकी असली पाहिजे. दर दरवर्षी तोच असल्यामुळे तो बेरजेतून बाहेर काढता येतो, आणि आत उरतात वटाव लावलेले युनिट. म्हणजे आपण विजेचं मोल कमी करत नाही. त्या विजेतून येणारा पैसा उशिरा येतो, त्याची ती नोंद आहे.

सौर संचासाठी ८ टक्क्यांनी करून पाहू. उभारणीचे १,००,००० तसेच राहतात. पंचवीस वर्षांच्या देखभालीचं आजचं मूल्य १६,०१२, तेराव्या वर्षीच्या इन्व्हर्टरचं २,९४२. एकूण १,१८,९५४ डॉलर. वटाव लावलेले युनिट होतात १६.४० लाख. भागाकार केला की ७.२५ सेंट.

वटाव न लावता युनिट मोजले तर ते ३७.६९ लाख भरतात, आणि १,१८,९५४ ला त्याने भागलं की येतात ते ३.२ सेंट, सुरुवातीला सांगितलेले. ते चूक आहेत हे सूत्राशिवायही कळतं. ३.१६ सेंटने पहिल्या वर्षाचे १,६०,००० युनिट विकून जेमतेम ५,०५० डॉलर येतात. घातलेल्या एक लाखावर ८ टक्क्यांनी नुसतं व्याजच ८,००० होतं. व्याजही निघत नाही, मुद्दल तर लांबच. ७.२५ सेंटने मात्र सुमारे ११,६०० येतात, देखभालीचे १,५०० जाऊन १०,१०० उरतात, त्यातून व्याज भागतं आणि दोन हजारांवर मुद्दलही फिटतं. कुणाचाही हिशेब हातात आला की मी आधी ही पहिल्या वर्षाची तपासणी करतो. कागदाच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत होते.

स्प्रेडशीटमध्ये शून्य वर्ष दुसऱ्या ओळीत, खर्च `B` आणि युनिट `C` रकान्यात असतील तर सूत्र असं:

```
=(B2+NPV(8%,B3:B27))/NPV(8%,C3:C27)
```

`B2` बाहेर ठेवलंय त्याला कारण आहे. `NPV` हे फंक्शन त्याला दिलेल्या पहिल्याच आकड्याला एक वर्षाचा वटाव लावतं. `NPV(8%,B2:B27)` लिहिलंत तर आज खर्च होणारे एक लाखही वर्षाने खर्च होतात असं ते समजतं आणि अख्खा अंश १.०८ ने भागला जातो. उत्तर ६.७२ सेंट येतं. चूक इतकी लहान की नजरेला खटकत नाही, म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

उत्तर पडताळायचं असेल तर चौथा रकाना घ्या: युनिट गुणिले एलसीओई, उणे खर्च. त्या रकान्यावर `IRR` चालवा. बरोबर तुमचा वटाव दर, इथे ८ टक्के, आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी ओळ सरकली आहे.

पायरी ४: उरलेले दोन संच

पवनचक्कीचा खर्च आजच्या मोलाने ३,०८,९०९ डॉलर, युनिट २३.५६ लाख, उत्तर १३.१ सेंट. डिझेलचा खर्च ५,७९,६०७ डॉलर, युनिट १६.१० लाख, उत्तर ३६.० सेंट.

सौर पंचवीस वर्षांचा, पवनचक्की वीस आणि डिझेल दहा, मग तुलना कशी, असं विचारलं जातं. दर युनिटचा खर्च असल्यामुळे ती चालते. त्यात गृहीत एवढंच आहे की आयुष्य संपल्यावर तोच संच आजच्याच किमतीत पुन्हा बसवता येईल.

डिझेलच्या ३६ सेंटची फोड करून बघा. ३० सेंट इंधन, ३ सेंट देखभाल, आणि संचाची किंमत व ओव्हरहॉल मिळून जेमतेम ३ सेंट. सौरमध्ये नेमकं उलट आहे, तिथे जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होऊन जातो. त्यामुळे दर बदलला की काय होतं ते पाहा:

| वटाव दर | सौर | वारा | डिझेल |
|---|---|---|---|
| ४ % | ५.४ | १०.२ | ३५.६ |
| ८ % | ७.३ | १३.१ | ३६.० |
| १२ % | ९.४ | १६.४ | ३६.५ |

(आकडे सेंट प्रति युनिट.) दर चारवरून बारावर नेला तर सौरचा खर्च पाऊणपट वाढतो, डिझेलला एक सेंटही लागत नाही. महाग कर्जाचा फटका कुणाला बसतो ते या तक्त्यात उघड दिसतं. डिझेलला खरी भीती इंधनाच्या भावाची असते. डिझेलचा भाव महागाईपेक्षा दरवर्षी २ टक्के जास्त वाढत गेला, तर दहा वर्षांच्या हिशेबात इंधनाचे ३० सेंट ३२.४ होतात. लक्षात घ्या, दहाव्या वर्षीचा भाव जवळपास १.२० डॉलर झालेला असतो, पण वटावामुळे त्याचं वजन कमी पडतं.

पायरी ५: युनिटांचा आकडा हलवून पाहा

लोक खर्चावर घासाघीस करतात आणि युनिटांचा आकडा विक्रेत्याकडून जसाच्या तसा घेतात. भागाकारात दोन्हींचं वजन सारखंच असतं. पवनचक्कीत हा धोका सगळ्यात मोठा, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्के जास्त धरला की शक्ती ३३ टक्के जास्त दिसते. प्रत्यक्ष वीज तितकी बदलत नाही, कारण जोराच्या वाऱ्यात चक्की आपल्या कमाल क्षमतेवर अडते, पण चूक मोठीच राहते. आपल्या चक्कीने २,४०,००० ऐवजी १,८०,००० युनिट दिले तर १३.१ चे १७.५ सेंट होतात. चक्कीच्या आसाच्या उंचीवर निदान एक पूर्ण वर्ष मोजलेला वारा हातात नसेल, तर मी दोन्ही आकडे छापतो, एकच उत्तर देत नाही.

सौरमध्ये गफलत वेगळी होते. तयार झालेली वीज आणि वापरली गेलेली वीज या दोन गोष्टी आहेत. दुपारी भार कमी आणि ऊन जोरात असेल तर इन्व्हर्टर उत्पादन दाबतो. तीस टक्के वीज अशी वाया गेली तर ७.२५ ला ०.७ ने भागा, वापरलेलं युनिट १०.४ सेंटला पडलं. खालच्या बेरजेत नेहमी वापरलेले युनिट घाला.

पायरी ६: सौर आणि डिझेलची तुलना नेमकी कशाशी

७.२५ आणि ३६ शेजारी ठेवले की वाटतं, प्रत्येक सौर युनिटमागे जवळजवळ २९ सेंट वाचणार. इथे एलसीओई संपते आणि तिच्या बाहेरचा हिशेब सुरू होतो, कारण वीज कुठल्या तासाला मिळते हे तिला दिसत नाही.

रात्री सौर संच काही देत नाही. बॅटरी नसेल तर जनरेटर जागेवर लागतोच, त्याची किंमत वाचत नाही. वाचतं ते फक्त इंधन. म्हणून सौरचे ७.२५ सेंट जनरेटरच्या ३६ शी ताडायचे नसतात, वाचलेल्या इंधनाशी ताडायचे असतात. आणि तेही पूर्ण ३० सेंट वाचत नाहीत.

दुपारचा एक तास घेऊ. भार ६० किलोवॉट. जनरेटर एकटा असताना तासाला १८ लिटर पितो. आता सौर संच ३० किलोवॉट देऊ लागला, जनरेटरवर उरले ३०. डिझेल निम्मं लागायला हवं, म्हणजे ९ लिटर. प्रत्यक्षात १०० किलोवॉटचा संच ३० किलोवॉटवर तासाला साधारण ११ लिटर घेतो, कारण इंजिन नुसतं फिरतं ठेवायलाही इंधन जळतं आणि कमी भारावर ते थोड्या युनिटांवर वाटलं जातं. तर ३० सौर युनिटांनी ७ लिटर वाचवले, युनिटला २३.३ सेंट. २९ नाहीत आणि ३० ही नाहीत. इंजिन तेवढेच तास फिरलं, त्यामुळे तासांवर होणारा तेलबदलही चुकला नाही.

२३.३ मधून ७.२५ गेले तरी १६ सेंट उरतात, म्हणजे सौर इथे घ्यावाच. पण आता सौर संच दुप्पट करू का, या प्रश्नाचं उत्तर बदलतं. जनरेटर ३० टक्के भाराखाली बराच वेळ चालला तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये काळं, चिकट होऊन साचतं. एक्झॉस्टच्या जोडावर ओला काळा ओघळ दिसू लागला की समजायचं, भार फार खाली गेला आहे. ते टाळायला दुपारी सौर वीज दाबावी लागते, आणि वर पाहिलेला ०.७ चा भागाकार तिथेच लागू होतो. वाढवलेल्या पॅनेलसाठी म्हणून वेगळा तक्ता मांडा: शून्य वर्षात फक्त जादा पॅनेलचा खर्च, पुढे फक्त जादा वापरले जाणारे युनिट, आणि तुलनेला त्या तासांत खरोखर वाचणारे लिटर. त्यासाठी जनरेटरच्या माहितीपत्रकातला पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण भारावरच्या इंधनाचा तक्ता लागतो, आणि जागेवरच्या भाराची निदान एका वर्षाची तासागणिक नोंद.